इरादापत्र करताना या चुका टाळा

समजा, रत्नागिरीचा हापूस पल्पचा एक कारखाना आणि वाशीचा एक निर्यातदार, एकत्र काम करता येईल का याची चाचपणी करत आहेत. दोघांनी दोन पानी इरादापत्र, म्हणजे एलओआय, केलं आणि शेवटी लिहिलं: ‘हे पत्र कोणावरही बंधनकारक नाही.’

सगळ्यात महागात पडते ती हीच ओळ. पाचव्या कलमात दिलेलं गोपनीयतेचं वचनही तिने धोक्यात आणलं. उद्या बोलणी फिसकटली आणि निर्यातदाराने कारखान्याचा किलोमागचा खर्च दुसऱ्या पल्पवाल्याला सांगितला, तर तो म्हणणार, पत्र बंधनकारक नव्हतंच.

म्हणून ती ओळ फोडून लिहा: ‘कलम १ ते ४ फक्त हेतू सांगतात, ती बंधनकारक नाहीत. कलम ५ ते ७, म्हणजे गोपनीयता, आपापला खर्च आणि न्यायालयाचं अधिकारक्षेत्र, सहीच्या दिवसापासून बंधनकारक आहेत.’ गोपनीयता दोन्ही बाजूंवर ठेवा. १८७२ च्या करार कायद्यात मोबदल्याशिवायचा करार सहसा टिकत नाही, आणि एकमेकांना दिलेली वचनं एकमेकांचा मोबदला ठरतात. ‘सर्व माहिती गोपनीय’ असं मोघम न लिहिता खर्चाचा तक्ता, बागायतदारांची यादी, परदेशी ग्राहकांची नावं असं नेमकं लिहा. आणि सही होईपर्यंत तो तक्ता व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका. इथे घाई करणारे मी फार पाहिले आहेत.

उलटी चूकही होते. वर ‘बंधनकारक नाही’ आणि आत ‘कारखाना ५० टन पल्प पुरवेल’. इरादापत्र साधारणपणे पुढे करार करण्याचा हेतूच दाखवतं, असं सर्वोच्च न्यायालयाने ड्रेसर रँड खटल्यात २००६ मध्ये म्हटलं. तरी वाद झाला, तर पत्रातली भाषा आणि दोघांचं वागणं दोन्ही तपासलं जातं. तेव्हा ‘पुरवेल’ऐवजी ‘पुरवण्याचा विचार आहे’ लिहा. या पत्राच्या जोरावर अ‍ॅडव्हान्स घेऊ नका, गाडीही भरू नका. नमुन्याची खेप हवीच असेल, तर तिची वेगळी पर्चेस ऑर्डर काढा.

‘लवकरच पुढील चर्चा करू’ हे पुढचं पाऊल नव्हे. हापूसचा हंगाम कोणासाठी थांबत नाही. १० जानेवारीपर्यंत कारखाना नमुने देईल, २५ तारखेपर्यंत निर्यातदार प्रयोगशाळेचा अहवाल दाखवेल, १५ फेब्रुवारीला कराराचा मसुदा येईल, असं काम, माणूस आणि तारीख मांडा. ही वेळापत्रकाची कलमंही हेतूचीच, त्यामुळे तारीख चुकली म्हणून भरपाई मागता येणार नाही. पण समोरचा किती गंभीर आहे, ते लगेच कळतं.

२८ फेब्रुवारीपर्यंत करार झाला नाही तर पत्र आपोआप संपेल, हेही लिहा. मात्र त्याच वाक्यात जोडा: ‘कलम ५ त्यानंतर दोन वर्षं लागू राहील आणि दिलेली कागदपत्रं पंधरा दिवसांत परत होतील.’ हे राहिलं, तर पत्र संपलं म्हणून गोपनीयताही संपली, असा दावा समोरचा करू शकतो.