मूलभूत संरचना म्हणजे मूलभूत हक्क नव्हेत: या चुका टाळा

राज्यघटनेचे पेपर तपासताना एक वाक्य मला हमखास सापडतं: ‘संसद मूलभूत हक्कांना हात लावू शकत नाही, हीच मूलभूत संरचना.’ एका सराव परीक्षेत हे वाक्य एवढ्या वेळा आलं की शेवटी समासात मी फक्त ‘मग 1978?’ एवढंच लिहायला लागलो. एक मुलगी पेपर घेऊन आली आणि म्हणाली, “सर, 1978 ला काय झालं?” तिच्या नोट्स केशवानंद भारतीच्या निकालापाशीच संपल्या होत्या.

1978 मध्ये 44 व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला आणि तो गेला तो गेलाच. हक्कांना हात लागत नाही हे गोलकनाथ निकालाचं म्हणणं, 1967 चं. 24 एप्रिल 1973 ला केशवानंद खटल्यात 13 न्यायाधीशांनी ते मोडीत काढलं. संसद कुठलंही कलम बदलू शकते, पण घटनेची मूळ चौकट, म्हणजेच मूलभूत संरचना, मोडू शकत नाही, असं 7 विरुद्ध 6 मतांनी ठरलं. त्या 13 मधल्या न्या. खन्नांचा मुद्दा घटनादुरुस्तीचा अधिकार सांगणाऱ्या कलम 368 मधल्या ‘दुरुस्ती’ या शब्दावर उभा आहे. दुरुस्ती केली म्हणजे जुनी वस्तू शिल्लक राहायला हवी. घराची भिंत सरकवली तर ती दुरुस्ती, घरच पाडलं तर नाही.

आता उलट बाजू बघा. जून 1975 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची निवडणूक रद्द केली. ऑगस्टमध्ये 39 वी दुरुस्ती आली. तिच्यातल्या 329-क कलमाचा चौथा खंड सांगत होता की पंतप्रधानांच्या त्या निवडणुकीला आधीचा निवडणूक कायदा लागूच नाही आणि ती रद्द करणारा निकाल निरर्थक. इथे कुणाचा मूलभूत हक्क काढला नव्हता, तरी नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो खंड रद्द केला, कारण कायदा न लावताच एका वादाचा निकाल संसदेने स्वतः लावून टाकला होता. निवडणूक मात्र वैध ठरली, कारण निवडणूक कायदाही बदललेला होता. हे वाक्य तयार नोट्समध्ये गाळलेलं असतं, म्हणून त्या नोट्स मला आवडत नाहीत.

माझी सवय सांगतो. दुरुस्तीआधीचं आणि नंतरचं कलम शेजारी-शेजारी लिहायचं आणि विचारायचं: आता वाद कोण सोडवणार, कोणत्या नियमाने? मालमत्तेच्या बाबतीत उत्तर मिळतं: न्यायालय, कायद्याशिवाय मालमत्ता काढून घेता येत नाही असं सांगणाऱ्या कलम 300-क ने. 329-क मध्ये काहीच मिळत नाही.

‘मूलभूत संरचना हे शब्द घटनेत दाखवा’ म्हणणाऱ्यांनी 368 वाचावं. ते तिथे नाहीत, अर्थ तिथून काढला आहे.

आणि मूलभूत संरचनेत काय काय येतं याची पक्की यादी पाठ करू नका. 1973 च्या न्यायाधीशांच्याच याद्या एकमेकींशी जुळत नाहीत.