ओटीच्या दारातून येऊ नका

हॉस्पिटलमध्ये स्वयंसेविका म्हणून माझ्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. मध्य मुंबईतलं मोठं सरकारी हॉस्पिटल, ऑपरेशन थिएटरबाहेरची बाकं आणि त्यांवर सकाळपासून बसलेले बारा-पंधरा नातेवाईक. मी सिस्टरांना एक कागद द्यायला आत गेले होते. त्याच दारातून बाहेर आले आणि पेशंटचं नाव घेऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "यांचे नातेवाईक कोण?" कोपऱ्यातल्या एक मावशी उठल्या. चपला बाकाखालीच राहिल्या, तशाच अनवाणी माझ्यापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "गेला का?"

मला एवढंच सांगायचं होतं की तुमची फाइल खालच्या काउंटरवर राहिली आहे.

तिथे आठ-दहा दिवस बसलं की कळतं, की "नातेवाईक कोण?" ही हाक ठरावीक कामांसाठीच येते. बाहेरून औषध आणा, रक्ताची सोय करा, इथे सही करा. आणि चौथं कारण, जे बाकावर बसलेला प्रत्येक जण मनात धरून असतो. त्या दारातून कोणीही बाहेर आलं, अगदी बादली घेऊन मावशी आल्या तरी, सगळ्या माना एकदम वळतात. म्हणून नव्याने येणाऱ्याला मी पहिली गोष्ट सांगते ती बोलण्याची नसून चालण्याची असते. आत काम असलं तरी बाहेर आल्यावर सरळ जिन्यापर्यंत जा, मग जिन्याकडून नातेवाईकांकडे या. हाक मारू नका. जवळ जा, बाकाच्या कडेला जागा असेल तर बसा आणि हळू बोला.

आता पहिलं वाक्य. बहुतेकांच्या तोंडी "घाबरू नका" किंवा "काळजी करू नका" येतं. आपल्याकडे वाईट बातमीची सुरुवात याच शब्दांनी होते. रात्री अकराला गावाहून फोन येतो तेव्हाही पलीकडचा माणूस आधी "घाबरू नका" म्हणतो. ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा तिथेच येतो. मी आता असं बोलते: "नमस्कार. मी आतून काही निरोप घेऊन आलेली नाही. मी इथली स्वयंसेविका आहे, डॉक्टर किंवा सिस्टर नाही. तुम्ही बराच वेळ बसलाय, म्हणून आले." मग नाव सांगते. क्रम मुद्दाम असा आहे. निरोप नाही हे कळेपर्यंत समोरच्याला तुमचं नाव ऐकूच येत नाही.

यापुढे "काही मदत करू का?" असं विचारलं तर उत्तर ठरलेलं आहे: "नको." आवारात तपासण्या बाहेरून करून देतो, अँब्युलन्स बघून देतो म्हणणारे फिरत असतात, त्यामुळे गोड बोलणारा माणूस पैसे मागणार असं लोक धरूनच चालतात. ते चूक नाहीत. "याचे काही पैसे नसतात" हे मी लगेच सांगून टाकते आणि उत्तर देता येईल असा छोटा प्रश्न विचारते: "पेशंटला आत किती वाजता नेलं?" वेळ प्रत्येकाला मिनिटासकट पाठ असते. एकदा वेळ सांगितली की बाकीचं आपोआप येतं. आजार काय, हे मी विचारत नाही. शेजारच्या बाकावर कान असतात. नातंही ओळखायला जाऊ नका. एका काकांना मी "ही मुलगी का तुमची?" असं विचारलं होतं. बायको होती. ताई, दादा, काका पुरतं. 'आजी' मात्र जपून.

गेल्या पावसाळ्यातलं उदाहरण सांगते. चिपळूणहून आलेले दोघे, पेशंटचा धाकटा भाऊ आणि पेशंटची बायको. पित्ताशयाचं ऑपरेशन. "दीडएक तास लागेल" असं त्यांना आदल्या दिवशी सांगितलेलं. सकाळी आठला आत नेलं आणि मी गेले तेव्हा सव्वाबारा झाले होते. भाऊ बोटांवर हिशेब करत होता. दीड तासाचे चार तास झाले, म्हणजे आत काहीतरी बिघडलंय.

या हिशेबात एक चूक असते आणि ती जवळजवळ सगळ्यांची होते. वॉर्डमधून नेलं ती वेळ वेगळी, टेबलवर घेतलं ती वेगळी. ओटीची लिस्ट असते. तुमचा नंबर तिसरा असेल तर पुढचे दोन होईपर्यंत पेशंट आतल्या खोलीत नुसता थांबतो. मध्येच एखादी इमर्जन्सी आली तर लिस्ट आणखी मागे सरकते. भूल द्यायला वेळ लागतो आणि ऑपरेशन झाल्यावरही पेशंटला लगेच बाहेर न आणता रिकव्हरीत ठेवतात. सांगितलेला दीड तास फक्त मधल्या तुकड्याचा. पण हे सगळं मी तेव्हाच सांगत बसले नाही, कारण त्यांच्या पेशंटचं खरंच तसं झालंय का हे मला तरी कुठे माहीत होतं? मी म्हटलं, "मी सिस्टरांना विचारून येते. काही कळलं नाही, तरी दहा मिनिटांत परत येते."

यातलं दुसरं वाक्य जास्त महत्त्वाचं. रिकाम्या हाताने परत जायला आपल्याला संकोच वाटतो, मग आपण दुसऱ्या कामाला लागतो आणि इकडे ती माणसं समजतात, हिला कळलंय पण सांगवत नाही.

आत मी एकच प्रश्न विचारते: पेशंट टेबलवर गेला का? ऑपरेशन कसं चाललंय हे विचारायचं नाही. कानावर पडलं तरी बाहेर न्यायचं नाही, चांगलं असलं तरी. ते डॉक्टरांनी सांगायचं. सिस्टर म्हणाल्या, "आत्ताच घेतलाय." मी विचारलं, "हे सांगू का बाहेर?" त्यांनी मान हलवली.

बाहेर येऊन (जिन्याकडूनच) सांगितलं, "त्यांना टेबलवर आत्ताच घेतलंय असं सिस्टर म्हणाल्या. म्हणजे चार तास ऑपरेशन चाललेलं नाही, आत्ता सुरू होतंय." भाऊ आधी गप्प बसला. मग भडकला. "मग सकाळपासून आम्हाला कोणी सांगितलं का नाही?" अशा वेळी हॉस्पिटलची बाजू घ्यायचा मोह होतो: गर्दी किती, स्टाफ किती कमी. ते खरंही असतं. मी म्हटलं, "हो, सांगायला हवं होतं." भाऊ आणखी थोडा बोलला आणि बसला.

वहिनी मात्र अजून तशाच होत्या. खाल्लंय का विचारलं, तर म्हणाल्या, "ते उपाशी आहेत ना आत." रात्रीपासून पेशंटला तोंडाने काही द्यायचं नव्हतं, म्हणून त्यांनीही पाणीसुद्धा घेतलेलं नव्हतं. समजावण्यात अर्थ नव्हता. शिवाय उठलो आणि नेमकी तेव्हाच हाक आली तर, ही धास्ती वेगळीच. मी भावाला म्हटलं, "दादा, तुम्ही इथून हलू नका. फोन हातात ठेवा. आम्ही खालीच आहोत." मग त्यांना म्हटलं, "चला, मलाही चहा घ्यायचाय." माझा तासाभरापूर्वीच झाला होता.

कँटीनमध्ये त्यांनी उभ्यानेच कटिंग संपवला, मग दुसरा घेतला. निघताना ग्लुकोज बिस्किटांचा एक पुडा विकत घेऊन पदराखाली धरला. म्हणाल्या, "ते बाहेर आले की." मी म्हटलं, "ठेवा. पण द्यायच्या आधी सिस्टरांना विचारा हं, त्या सांगतील तेव्हाच." जिना चढताना त्यांनी तो पुडा तीनदा चाचपून पाहिला.