ध्रुपद श्रोत्यांच्या हाती देताना : ग्वाल्हेरात नारदीय कीर्तन शिकणाऱ्यांसाठी

माझ्याकडे कीर्तन शिकायला येणारी मुलं बहुधा आख्यान पाठ करून येतात. संवाद, साक्या, दिंड्या, सगळं चोख असतं. पण ‘हे म्हणताना समोरचे काय म्हणणार?’ असं विचारलं की गप्प होतात. नारदीय कीर्तनात श्रोत्यांनाही काम असतं आणि ते कीर्तनकाराने आधीच बांधून ठेवायचं असतं. मी लष्कर भागात वाढलो, कीर्तन इथेच शिकलो, आणि आमच्या बुवांनी सुरुवातीचे कितीतरी महिने मला फक्त एवढंच शिकवलं. एकच अभंग घेऊन ते सांगतो.

तुकोबांचा ‘जे का रंजले गांजले । त्यासि म्हणे जो आपुले ॥’ हा अभंग पूर्वरंगाला घ्या. बहुतेक चरण आठ अक्षरांचे, त्यामुळे आठ मात्रांच्या भजनी ठेक्यात तो सहज बसतो. ध्रुपद आहे ‘तोचि साधु ओळखावा । देव तेथेचि जाणावा ॥’. नमन, गजर झाला की अभंग एकदा पूर्ण म्हणायचा आणि मग निरूपणाला हात घालायचा. निरूपण म्हणजे एकेका चरणाचा अर्थ दृष्टांत देत उलगडणं. प्रत्येक चरण संपला की ध्रुपदावर परत यायचं आणि ते श्रोत्यांकडून म्हणवून घ्यायचं.

हे म्हणवून घेणं आपोआप होत नाही. पहिली गोष्ट पट्टीची. तुमचा गळा काळी दोनमध्ये छान लागत असेल, पण समोर सत्तरीचे आजोबा आहेत, बायका आहेत, शाळकरी मुलं आहेत. ध्रुपदाची चाल मध्य सप्तकातल्या पंचमाच्या वर नेऊ नका. गळ्याची हौस बाकीच्या चरणांत भागवा, तिथे तार षड्जाला जायला हरकत नाही. दुसरी गोष्ट इशाऱ्याची. पहिला अर्धा चरण तुम्ही म्हणा, झांज थोडी वर उचला, ‘देव तेथेचि’ म्हणून थांबा आणि ‘जाणावा’ त्यांच्यावर सोडा. पहिल्यांदा चार-पाच आवाज येतील. लगेच पुन्हा म्हणू नका, निरूपणाची दोन वाक्यं बोला आणि मग परत या. तिसऱ्या-चौथ्या फेरीला निम्मा मंडप म्हणत असेल तर पाया पक्का झाला. तबलजीने लग्गी तेव्हाच लावायची. त्याआधी लागली तर लय चढते, श्रोते मागे राहतात, टाळ्या ठेक्याच्या अलीकडे-पलीकडे पडू लागतात. टाळ्या अशा विस्कटल्या की लय उतरवा. ‘जोरात म्हणा’ असं ओरडून काही साधत नाही.

आता ग्वाल्हेरची खास अडचण. हे ख्यालगायकीचं गाव. १९१८ साली भातखंड्यांच्या मार्गदर्शनाखाली इथे माधव संगीत विद्यालय सुरू झालं. आमच्या श्रोत्यांत गाणं शिकलेले, किमान कानसेन तरी, हमखास असतात. कीर्तनकाराने ध्रुपदावर आलाप घेतला, एखादी तान टाकली की ‘क्या बात है’ येतं. नव्या माणसाला ते गोड वाटतं, आणि तो आणखी गातो. त्याच वेळी समोरच्यांची तोंडं मिटलेली असतात. ते मैफल ऐकायला बसलेले असतात. दाद आणि साथ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दाद मिळते तेव्हा श्रोता तुमच्याकडे बघतो. साथ देतो तेव्हा त्याचं लक्ष तुमच्यावर नसलं तरी चालतं, त्याचे ओठ हलत असतात. म्हणून रागदारीचं जे काही दाखवायचं ते मध्यंतराआधीच्या एखाद्या पदात दाखवा. ध्रुपद साधंच ठेवा, दर वेळी त्याच चालीत, त्याच जागी थांबून.

दुसरी अडचण भाषेची. आमच्याकडच्या तिसऱ्या-चौथ्या पिढीला मराठी समजतं, पण ती आपसांत हिंदी बोलते. ‘अपंगिता’ म्हणजे आधार देणारा, हे त्यांना सांगावंच लागतं. हिंदीत हरिकथा करणं इथे नवं नाही. तानसेन समारोहाची सुरुवात तानसेनांच्या समाधीपाशी शहनाई, ढोलीबुवा महाराजांची हरिकथा आणि मीलाद यांनी होते, आणि ती हरिकथा हिंदीत रंगते. नाथांनीही भारुडात हिंदुस्तानी वापरली आहे. मात्र निरूपणात दर वाक्याला भाषा बदलू नका, त्याने दोन्हीकडचे श्रोते तुटतात. अभंग आणि ध्रुपद मराठीतच राहू द्या, दृष्टांत अख्खा हिंदीत सांगा.

मध्यंतरात बुक्का, हार, नामाचा गजर होतो, आणि मग उत्तररंग. इथे पूर्वरंगाचा सिद्धांत कथेतून दाखवायचा. या अभंगाला नाथांची कथा शोभते. काशीची गंगा कावडीत घेऊन यात्रेकरू रामेश्वराला निघाले आहेत, नाथ त्यांच्यात आहेत. तापलेल्या वाळूत एक गाढव पाण्यावाचून तडफडत आहे. बाकीचे वळसा घालून जातात. नाथ कावड उतरवतात आणि रामेश्वरासाठी आणलेलं पाणी त्याच्या तोंडात ओततात.

काशीहून आलेल्या यात्रेकरूंच्या तोंडी हिंदी सहज येते, म्हणून ही कथा ग्वाल्हेरात फार चालते. ‘अरे पंडितजी, ये जल तो रामेश्वर का है!’ असं एकाने म्हटलं की मागे बसलेली मुलं सरसावून बसतात. वाळूचं वर्णन साकीत करा, गद्यात दोन वाक्यांहून जास्त नको. यात्रेकरूंची कुजबुज गद्यात, जलद. नाथ मात्र कमी बोलतील असं बघा. कावड उतरते तिथे ठेका थांबवा. तबलजीला हे आधी सांगून ठेवलेलं असावं, नाहीतर तो सवयीने भरणा करत राहतो आणि ती जागा वाया जाते. पाणी ओतलं जातं. यात्रेकरू विचारतात, ‘अब रामेश्वर को क्या चढ़ाओगे?’ इथे नाथांच्या तोंडी लांबलचक उत्तर घालायचा मोह होतो. घालू नका. झांज उचला आणि ‘देव तेथेचि’ एवढंच म्हणा.

पूर्वरंगात पाया घातला असेल तर ‘जाणावा’ समोरून येतं आणि नाथांचं उत्तर श्रोते देतात. लग्गी तेव्हा लावा. समोरून काही आलं नाही, तर कथा कितीही रंगलेली असो, पूर्वरंगात ध्रुपद रुजलं नव्हतं असं समजा. अशा वेळी पूर्ण चरण स्वतः म्हणून पुढे जा आणि भैरवीआधी अभंगाचा शेवटचा चरण घेऊन ध्रुपदाच्या आणखी फेऱ्या करा. श्रोत्यांना तेव्हा म्हणता येतं, कारण चाल आता कानात बसलेली असते.

नवख्यांना आणखी एक प्रसंग हमखास येतो. पावणेदोन तासांचं कीर्तन ठरलेलं असतं आणि ऐनवेळी आयोजक म्हणतात, ‘बुवा, तासाभरात आवरा, आरतीला पाहुणे येणार आहेत.’ घाबरलेला माणूस तेव्हा ध्रुपदाच्या फेऱ्या कापतो, कारण त्यात ‘नवं’ काही नसतं. तुम्ही दृष्टांत कापा. ‘मृदु सबाह्य नवनीत’ या चरणाचं निरूपण चार वाक्यांत करा. यात्रेकरूंची कुजबुज अर्ध्यावर आणा. आख्यानाचे असे छोटे आणि मोठे दोन्ही पाठ घरी बसवून ठेवा, आणि दोन्ही पेटी-तबल्याच्या साथीदारांसमोर एकदा तरी म्हणून घ्या, म्हणजे कुठला पाठ चालू आहे हे त्यांना पहिल्या साकीवरूनच कळेल.