शिक्क्याखाली दडलेला आकडा कसा वाचावा

मोंढ्यातली जुनी पावती हाती येते, तेव्हा नेमका हवा तोच आकडा जांभळ्या शिक्क्याखाली गेलेला असतो. कारण साधं आहे: आधी आकडे लिहिले जातात, रक्कम दिल्यावर शिक्का आणि सही त्यावर येते. म्हणून पहिलं काम कागद उजळण्याचं नाही, दुसरी प्रत शोधण्याचं. पावतीपुस्तकात राहिलेल्या कार्बन प्रतीवर बहुतेक वेळा शिक्का नसतो, आणि तीच रक्कम त्या दिवसाच्या रोजकीर्दीत व खतावणीतही चढलेली असते.

ती मिळाली नाही, तर कागद स्कॅन करा. रंगीत स्कॅन, ६०० डीपीआय, आणि फाइल PNG किंवा TIFF. व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो इथे कामाचा नाही; त्यात रंगाचे बारीक फरक पुसले जातात आणि आपली सगळी भिस्त त्या फरकांवरच आहे. कागदामागे काळा पुठ्ठा ठेवा. त्याने मागच्या पानावरची अक्षरं पुढे डोकावत नाहीत. 

आता रंग वेगळे करायचे. GIMP हा मोफत प्रोग्राम उघडून `Colors → Components → Decompose` मध्ये `RGB` निवडा. एका चित्राची तीन करडी चित्रं होतात: लाल, हिरवं, निळं. नियम असा की ज्या रंगाची शाई, त्याच रंगाच्या चित्रात ती फिकी पडते. लाल शिक्का लाल चित्रात जवळजवळ नाहीसा होतो आणि खालचा निळा किंवा काळा आकडा वर येतो. जांभळा शिक्का हिरव्या चित्रात सर्वांत गडद दिसतो, म्हणून ते बाजूला ठेवा. आकडा निळ्या पेनाचा असेल तर लाल चित्र बघा, काळ्या शाईचा असेल तर लाल आणि निळं दोन्ही. मग `Colors → Levels` मध्ये काळी-पांढरी टोकं हळूहळू जवळ आणा. फार ओढलं तर कागदाचे डागही रेघांसारखे दिसू लागतात, आणि मग आपल्याला हवा तो आकडा आपणच त्यात बघतो.

निळ्या आकड्यावर त्याच निळ्या बॉलपेनाची सही असेल तर रंग काही सांगत नाहीत. अशा वेळी खोली अंधारी करून मोबाइलची बॅटरी कागदाला जवळजवळ टेकवून आडवी धरा. बॉलपेनने दाबून लिहिलेल्या रेघेची चर सावलीत दिसते. बॅटरी चारही बाजूंनी फिरवा, कारण उजेडाच्या दिशेने जाणारी रेघ सावली टाकत नाही. बोरूने किंवा टाकाने लिहिलेल्या जुन्या चोपड्यांत चर फारशी नसते, तिथे हा उपाय लंगडा पडतो.

इतकं करूनही ५ की ६, असा पेच उरतो. तो हिशोबाने सुटतो. उदाहरणादाखल मानवत-सेलूकडची कापसाची एक पावती घेऊ. वजन ७.३५ क्विंटल स्वच्छ दिसतं. भाव १,८?० असा, दहंचा अंक शिक्क्याखाली. हमाली-तोलाईची कपात ५१.४५. निव्वळ रकमेवर सही आली आहे, शेवटचे फक्त ‘.०५’ उघडे आहेत. भाव १,८५० धरला तर ७.३५ × १,८५० = १३,५९७.५०, कपात जाऊन १३,५४६.०५. भाव १,८६० धरला तर १३,६७१.०० वजा ५१.४५, म्हणजे १३,६१९.५५. उघडे पैसे ५ च्या बाजूने बोलतात. मात्र हे ५ आणि ६ मधलंच भांडण मिटलं. दहंचा अंक १, ३, ७ किंवा ९ असता तरी शेवटी .०५ च आलं असतं. ते अंक आधी स्कॅनमधल्या आकाराने बाद झालेले असावे लागतात.

१ एप्रिल १९५७ पूर्वीच्या चोपडीत १०० पैशांनी नाही, १६ आण्यांनी आणि आण्याच्या १२ पैंनी बेरीज करा. निजामाच्या राजवटीतली चोपडी असेल तर रक्कम हाली सिक्क्यात, म्हणजे निजामाच्या रुपयात आहे, की कलदारात, म्हणजे इंग्रजी सरकारच्या रुपयात, हे आधी ठरवा. साधारण ७ हाली रुपये म्हणजे ६ कलदार, त्यामुळे हा घोळ झाला तर बरोबर वाचलेला आकडाही चुकीचा वाटतो.

मूळ कागदावर पाणी, स्पिरिट, खोडरबर काहीही लावू नका; जांभळी शाई लगेच पसरते आणि तिच्यासोबत आकडाही जातो. चिकटवलेलं रसीदी तिकीटही सोलू नका, मागून उजेड धरा. नक्कल करताना अनुमानाने लावलेला अंक चौकटी कंसात लिहा, १,८[५]० असा, आणि बाजूला कारण नोंदवा. प्रकरण कोर्टात जाणार असेल तर मूळ कागद आहे तसाच हस्ताक्षर-तज्ज्ञाकडे द्या.