नोकरी बदलण्याआधी पाळणाघराचा हिशोब

एकट्या पालकाला नव्या नोकरीचा आकडा मोठा दिसतो, पण तो बहुतेकदा सीटीसीचा, म्हणजे कंपनी तुमच्यावर करणार त्या एकूण खर्चाचा असतो. होकार देण्याआधी कागदावर एवढं करा.

१. एचआरकडून हातात येणारी रक्कम लेखी मागा. समजा आज हातात १८,००० येतात आणि नवी ऑफर २४,००० सीटीसीची आहे. बेसिक १२,००० असेल, तर कंपनीचे १,४४० आणि तुमचे १,४४० पीएफमध्ये जातात. हातात उरतात २१,१२०. पीएफ तुमचाच, पण त्यातून या महिन्याचं दूध येत नाही.

२. वाढलेल्या ३,१२० मधून पाळणाघराचे जादा तास (समजा १,५००) आणि प्रवासाचा जादा खर्च (९००) वजा करा. उरले ७२०.

३. आता घराबाहेरचा जादा वेळ मोजा. रोज दोन तास, २५ दिवस म्हणजे ५० तास. तासाला जेमतेम चौदा रुपये! अशा वेळी पगारापेक्षा वेळेवर बोला: साडेपाचला सुटी मिळाली आणि पाळणाघराचे जादा तास वाचले, तर तेच ७२० चे २,२२० होतात.

प्रोबेशनमध्ये भरपगारी रजा किती, हे आधीच विचारा. मूल तापाने चार दिवस घरी राहिलं की बिनपगारी रजेत पहिल्या महिन्याची सगळी वाढ जाते.