कर्जाचा अर्ज "परतफेड स्पष्ट करा" शेऱ्यासह परत येत असेल तर

दोन म्हशींसाठीचा माझा अर्ज बँकेतून याच शेऱ्यासह परत यायचा. सातबारा जोडला, घरची अडचण सविस्तर लिहिली, तरी शेरा तोच. अगदी वैताग आला होता. शेवटी पत्र या क्रमाने बदलल्यावर काम झालं.

आधी विषय. "कर्ज मिळणेबाबत" काढून "दोन दुभत्या म्हशी खरेदीसाठी रु. 1,50,000 (अक्षरी एक लाख पन्नास हजार) कर्ज, मुदत 36 महिने" असं लिहिलं. मग पहिल्याच परिच्छेदात हिशोब: किंमत 2,00,000, स्वतःचे 50,000, उरलेले कर्ज. कोटेशनवरचा आकडा आणि हा आकडा तंतोतंत जुळलाच पाहिजे.

त्यानंतर परतफेड. "दुधातून फेडीन" एवढ्याने भागत नाही. रोज 14 लिटर, 50 रुपये दर, महिन्याला 21,000, चारा-पेंड-औषध 11,000, उरतात 10,000. हप्ता 11 टक्क्यांनी साधारण 4,900. डेअरीचं बिल याच बँकेच्या खात्यात जमा होतं, हे लिहून सहा महिन्यांच्या बिलांच्या प्रती जोडल्या.

म्हैस आटल्यावर काय, हा प्रश्न साहेब विचारतातच. म्हणून दुसरी म्हैस पाच-सहा महिन्यांनी घेणार आणि रक्कम दोन टप्प्यांत हवी, हेही पत्रातच घातलं. घरच्या अडचणीचा परिच्छेद पूर्ण काढला.