एकाच फोटोत मराठी आणि उर्दू: साध्या मजकुरात ओळी कशा उतरवाव्यात

उर्दू माध्यमाच्या शाळेतल्या सूचनाफलकाचा फोटो घ्या. डावीकडे मराठी यादी, उजवीकडे तीच उर्दूत, दोन्हीकडे क्रमांक. हे साध्या मजकुराच्या फाइलमध्ये उतरवायचं आहे.

आधी फोटो मधोमध उभा कापून दोन भाग करा. अख्खा फोटो ओसीआरला दिला, तर समोरासमोरचे मराठी आणि उर्दू शब्द एकाच ओळीत गुंफले जातात आणि ते सोडवत बसणं फार किचकट होतं. उर्दू नस्तालीक वळणात असेल, तर अक्षरं तिरपी उतरत एकमेकांवर चढतात, नुक्ते भलत्याच अक्षराला चिकटतात. चार-पाच ओळी असतील तर मी सरळ हाताने टाइप करते.

टाइप करताना अक्षरं वाचनाच्या क्रमानेच टाका. फाइलमध्ये आधी वाचलं जाणारं अक्षर आधी साठवलं जातं. ते उजवीकडे दाखवणं हे स्क्रीनचं काम. ओळ विचित्र दिसली म्हणून अक्षरं हाताने उलटी लावू नका, मजकूर कायमचा बिघडतो. शंका आली तर पायथॉनमध्ये पहिलं अक्षर तपासा:

```
print(hex(ord("اردو"[0])))
```

उत्तर `0x627`, म्हणजे अलिफ, आलं की क्रम बरोबर. `0x648` आलं, तर शेवटचा वाव पुढे आलाय, शब्द उलटा साठवला गेलाय.

मराठी आणि उर्दू प्रत्येकी स्वतंत्र ओळीवर ठेवा. युनिकोडच्या नियमानुसार नव्या ओळीची दिशा नव्याने ठरते, आणि ती ठरवतं ओळीतलं पहिलं पक्क्या दिशेचं अक्षर. खरी गोची इथेच होते:

```
५. اردو کتاب
۵۔ اردو کتاب
```

देवनागरी ५ हा युनिकोडच्या लेखी अक्षरांसारखाच डावीकडून उजवीकडे जाणारा आहे. त्यामुळे पहिली ओळ डावीकडून सुरू होते आणि क्रमांक उर्दू वाचणाऱ्याला ओळीच्या शेवटी दिसतो. उर्दूचा ۵ स्वतः ओळीची दिशा ठरवत नाही, म्हणून दुसरी ओळ उजवीकडून लागते. तेव्हा फोटोत जो अंक आहे तोच टाका, सवयीने देवनागरी नको.

मात्र ज्या एडिटरमध्ये सगळ्या ओळी सक्तीने डावीकडून मांडल्या जातात, तिथे दुसऱ्या ओळीचा क्रमांकही डावीकडेच दिसेल. तो दोष मजकुराचा नाही. फाइल अशाच ठिकाणी वाचली जाणार असेल, किंवा फोटोत उर्दू ओळीपुढे खरोखरच देवनागरी अंक असेल, तर त्या ओळीला दोन अदृश्य खुणांमध्ये ठेवा:

```
line = "\u2067" + line + "\u2069"
```

या खुणा गरजेपुरत्याच वापरा. जुन्या प्रोग्राममध्ये त्या चौकोन म्हणून दिसू शकतात. शिवाय दोन फाइलींतल्या ओळी जुळवताना, दिसायला हुबेहूब सारख्या असूनही एकीत खुणा असतील आणि दुसरीत नसतील, तर त्या जुळत नाहीत.